पुनर्विकासात कोणाला, काय, कधी आणि कसं कळवायचं: संवाद आराखड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहनिर्माण सोसायट्यांच्या पुनर्विकासात मी प्रकल्प सल्लागाराच्या बाजूने समन्वयाचं काम करतो. नकाशे, मंजुऱ्या, करारनामे यांच्यासाठी तज्ज्ञ असतात. ‘हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ या वाक्यासाठी मात्र कोणी नेमलेला नसतो, आणि कमिटीची सगळ्यात जास्त शक्ती त्यातच जाते. त्यावर उपाय म्हणून आम्ही एक तक्ता वापरतो. नव्या कमिट्या त्याबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरण मुलुंडमधल्या ४८ घरांच्या एका सोसायटीचं आहे; तिचं नाव सांगत नाही.

संवाद आराखड्याचा तक्ता म्हणजे नेमकं काय?

एका पानावर चार मुख्य रकाने असतात: कोणाला, काय, किती वेळा आणि कशाने. त्याला आम्ही आणखी दोन जोडतो, ते म्हणजे कळवण्याची जबाबदारी कोणाची, आणि कळलं हे आपल्याला कशावरून समजणार. मोठ्या कंपन्यांत प्रकल्प व्यवस्थापनाचे लोक याला ‘कम्युनिकेशन मॅनेजमेंट प्लॅन’ म्हणतात आणि त्याची वीस पानं करतात. सोसायटीला एक पान पुरतं. दुसरं पान लागलं तर ते कोणी वाचणार नाही, अगदी सेक्रेटरीसुद्धा.

हा सभेच्या इतिवृत्तासारखा झालेल्या गोष्टीची नोंद ठेवणारा कागद नाही. काही घडायच्या आधी बसून ठरवलेली ती व्यवस्था आहे. मंजुरी आली की कोण कोणाला त्याच दिवशी कळवणार, हे मंजुरी यायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. ती आल्यावर सगळे फोनवर असतात.

४८ घरंच तर आहेत. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की! तक्ता कशाला?

माणसांची संख्या लहान वाटते, पण त्यांच्यातल्या आपापसातल्या वाटा मोजा. ४८ जणांत प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलू शकतो असं धरलं तर ४८ गुणिले ४७ भागिले २, म्हणजे १,१२८ वाटा होतात. यातल्या कुठल्याही वाटेने बातमी अर्धवट जाऊ शकते. कमिटीच्या हातात त्यातल्या मोजक्याच वाटा असतात. त्या कोणत्या आणि त्यांवरून काय जाणार, एवढंच तक्त्यात ठरतं. बाकी वाटा जिन्यात, मंदिराबाहेर आणि भाजीवाल्यापाशी चालू राहणारच.

ग्रुपची अडचण वेगळी आहे. मुलुंडच्या सोसायटीत बिल्डरच्या वास्तुविशारदाने ३८ पानांची नकाशांची पीडीएफ सेक्रेटरींना दिली. त्यांनी ती रात्री साडेनऊला ग्रुपवर टाकली. सकाळपर्यंत तिच्यावर सुप्रभात, एक वाढदिवस आणि पाणी कधी येणार हा प्रश्न असे तीसेक संदेश जमले. कमिटीच्या लेखी नकाशे ‘सर्वांना दिले’ होते. या नकाशांची पुढची गोष्ट खाली येते.

‘कोणाला’ या रकान्यात ‘सर्व सभासद’ लिहिलं तर काय बिघडतं?

जवळजवळ सगळंच. ‘सर्व सभासद’ हा एक श्रोता नसतोच. आम्ही ४८ घरांची यादी घेऊन बसलो तेव्हा ३१ घरांत मालक स्वतः राहत होते, ११ घरं भाड्याने दिली होती आणि ६ बंद होती. राहणाऱ्या ३१ पैकी ७ घरांतल्या ज्येष्ठांकडे साधा फोन होता. बंद सहांपैकी दोन मालक परदेशात होते. एका घराच्या सभासदाचं निधन झालं होतं आणि त्यांच्या दोन मुलांचं आपसात बोलणं नव्हतं.

आता ‘घर ३० एप्रिलला रिकामं करायचं आहे’ हा एकच निरोप घ्या. स्वतः राहणाऱ्याला त्यातून भाड्याचं घर शोधायचं आहे. भाड्याने दिलेल्या घराच्या मालकाला आपल्या भाडेकरूला वेळेत सांगायचं आहे. भाडेकरू सभासद नाही, त्याला ग्रुपवर घेतलेलं नाही, पण सामान हलवायचं आहे त्यानेच. परदेशातल्या मालकाला कुणाला तरी मुखत्यारपत्र देऊन चाव्या सोपवायच्या आहेत, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. म्हणून श्रोते त्यांच्या हुद्द्याने पाडू नका. निरोप मिळाल्यावर त्यांना काय करावं लागणार यावरून पाडा. ज्यांना वेगळी कृती करायची आहे त्यांची ओळ वेगळी.

दोन भावांच्या घरासाठी आम्ही एका ओळीत दोन पत्ते लिहिले. एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळेल असं धरणं म्हणजे कोर्टाच्या पायरीची तयारी.

‘काय’ या रकान्यात किती लिहायचं?

विषय नको, वाक्य लिहा. नवं घर मिळेपर्यंत बिल्डर सभासदांना पर्यायी घराचं भाडं देतो, त्याचं उदाहरण घ्या. ‘भाड्याबाबत माहिती’ हा संदेश नाही. ‘पुढच्या अकरा महिन्यांचे भाड्याचे धनादेश १० तारखेला सोसायटीच्या ऑफिसात मिळतील, मूळ ओळखपत्र आणा’ हा संदेश आहे. लिहिताना वाक्य होत नसेल तर बहुधा कमिटीचंच काही ठरलेलं नसतं. तक्त्याचा हा एक लपलेला फायदा आहे.

पुश आणि पुल हा काय प्रकार आहे?

पुश म्हणजे आपण निरोप माणसाच्या दारात नेऊन देतो. पत्र, एसएमएस, ईमेल, व्हॉट्सअॅपचा संदेश, वॉचमनच्या हाती दिलेली चिठ्ठी, हे सगळं पुश. पुल म्हणजे आपण माहिती एका जागी ठेवतो आणि ज्याला हवी तो येऊन घेतो. नोटीस बोर्ड, ऑफिसातली फाइल, गूगल ड्राइव्हचं फोल्डर, महारेराच्या संकेतस्थळावरची प्रकल्पाची माहिती हे पुल. नळ घरात आला तर पुश, विहिरीवर जाऊन शेंदायचं तर पुल.

तिसरा प्रकार समोरासमोर बोलण्याचा आहे, म्हणजे सभा, घरभेट, फोन. त्यात प्रश्न तिथल्या तिथे विचारता येतो. तक्त्यात त्यालाही जागा लागते, कारण काही निरोप पहिल्या दोन्ही मार्गांनी पोचतच नाहीत.

पुश आणि पुल दोन्हींच्या मर्यादा ठाऊक हव्यात. पुश केल्याने निरोप पाठवला गेला एवढंच सिद्ध होतं. वाचला, समजला, मान्य झाला यातलं काहीच नाही. शिवाय प्रत्येक पुश माणसाचं थोडं लक्ष खर्च करतो. दिवसाला चौदा निरोप ढकलले की पंधरावा, महत्त्वाचा, न उघडताच वर सरकतो. पुलमध्ये लक्षाचा खर्च नाही, पण माहिती तिथे आहे हे माणसाला माहीत हवं, तिथपर्यंत जाता यायला हवं, आणि त्याला जावंसं वाटायला हवं. तिन्हीपैकी एक नसेल तर फोल्डर म्हणजे कुलूपबंद कपाट.

मग कशाला पुश आणि कशाला पुल, हे ठरवायचं कसं?

मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, याला तारीख आहे का? माणसाने ठरावीक दिवसाच्या आत काही केलं नाही तर त्याचं किंवा सोसायटीचं नुकसान होणार असेल, तर पुश. घर रिकामं करणं, करारनाम्याची नोंदणी, सभा, धनादेश हे सगळे त्यात आले.

दुसरा प्रश्न, हे पुन्हा पुन्हा बघावं लागेल का, आणि जाड आहे का? विकास करारनामा, मंजूर नकाशे, सभांची इतिवृत्तं, मंजुरीपत्रं यांना पुल. ही कागदपत्रं ज्या दिवशी तयार होतात त्या दिवशी कोणाला नको असतात. भांडण होतं त्या दिवशी सगळ्यांना हवी असतात.

तिसरा प्रश्न, याने कोणी दुखावेल किंवा घाबरेल का? कोणाच्या वाट्याला कमी उजेडाची बाजू येतेय, भाडं एक महिना लांबतंय, ताब्याची तारीख पुढे गेलीय. असा निरोप आधी तोंडी, मग कागदावर. पत्र आधी गेलं की त्याचं वाचन जिन्यात होतं आणि अर्थ तिथेच ठरतो.

बऱ्याचशा ओळी मिश्र निघतात. जाड कागद पुलमध्ये ठेवायचा आणि तो तिथे आहे, त्यातलं कुठलं पान बघायचं, कधीपर्यंत बघायचं हा दोन ओळींचा निरोप पुश करायचा. कमिट्या नेमकं उलटं करतात. अख्खी पीडीएफ ढकलतात आणि काय करायचं ते मनातच ठेवतात.

त्या ३८ पानांच्या नकाशांचं पुढे काय झालं?

साडेपाच महिन्यांनी चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या लक्षात आलं की नव्या घरात स्वयंपाकघर पूर्वेचं पश्चिमेला गेलंय. त्यांच्या रांगेतल्या आणखी दोन घरांचंही तसंच होतं. तोवर नकाशे महापालिकेत सादर झाले होते. काकू म्हणाल्या, मला दाखवलेच नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, ग्रुपवर टाकले होते. दोघंही खरं बोलत होते. बदल करायला सुधारित नकाशे पुन्हा सादर करावे लागले आणि सात आठवडे गेले.

सुधारित नकाशांच्या वेळी आम्ही ती ओळ अशी केली. पूर्ण संच ऑफिसात छापून ठेवला आणि फोल्डरमध्येही ठेवला, हा पुल. प्रत्येक घराला फक्त त्याच्या सदनिकेचं एक पान दिलं, ए-थ्री आकारात, वर उत्तर दिशेचा बाण, जुन्या घराची रूपरेषा तुटक रेघेने आणि खाली सहीची जागा, हा पुश. दोन शनिवारी संध्याकाळी वास्तुविशारद ऑफिसात बसले, ज्याला विचारायचं त्याने यावं. दहा दिवसांत सही किंवा हरकत द्यायची. ४८ पैकी ४३ पानं मुदतीत परत आली. उरलेल्या पाचांकडे खजिनदार स्वतः गेले. तीन हरकती आल्या, तिन्ही सादरीकरणाआधी.

इथे महागडं काहीच नव्हतं. ए-थ्रीच्या ४८ प्रती आणि दोन शनिवार.

तयार तक्ता दिसतो तरी कसा?

घरं रिकामी होण्याच्या आधीच्या टप्प्यातला, थोडा आटोपशीर केलेला तक्ता असा:

| कोणाला | काय | किती वेळा | कशाने | प्रकार | जबाबदार | पोचल्याची खूण |
|---|---|---|---|---|---|---|
| राहते मालक (३१) | ३० एप्रिलला घर रिकामं करायचं. भाडं व हलवण्याचा खर्च कधी मिळेल | ९०, ६०, ३० आणि ७ दिवस आधी | हाती पत्र, मग संदेश | पुश | सेक्रेटरी | पत्राच्या प्रतीवर सही |
| साधा फोन असलेले ज्येष्ठ (७) | तेच, मोठ्या अक्षरात | तितक्याच वेळा | पत्र आणि घरभेट | पुश व समोरासमोर | विंगचा कमिटी सदस्य | भेटीची वहीत नोंद |
| भाड्याने दिलेल्या घरांचे मालक (११) | भाडेकरूला कधीपर्यंत सांगायचं | ९० आणि ६० दिवस आधी | ईमेल आणि फोन | पुश | खजिनदार | ईमेलचं उत्तर |
| भाडेकरू | रिकामं करण्याची तारीख, वीज व गॅस बंद होण्याचा दिवस | ६० आणि १५ दिवस आधी | दारात चिठ्ठी | पुश | मॅनेजर | घरटी नोंद |
| बंद घरांचे मालक व वारस (६) | मुखत्यारपत्र, चाव्या, बँक तपशील | ९० दिवस आधी, मग पूर्ण होईपर्यंत दर पंधरवड्याला | नोंदणीकृत डाक, ईमेल, फोन | पुश | सेक्रेटरी | पोच किंवा उत्तर |
| सर्व सभासद | करारनामा, नकाशे, मंजुऱ्या, इतिवृत्तं | नवा कागद आला की दोन दिवसांत | ऑफिसातली फाइल, फोल्डर | पुल | मॅनेजर | फाइल बघितल्याची वही |
| सर्व सभासद | महिन्यात काय झालं, पुढे काय | दर महिन्याच्या ५ तारखेला | एक पानी पत्रक | पुश | अध्यक्ष | प्रश्नांची वही |
| बिल्डर | सोसायटीच्या मागण्या व हरकती | गरजेप्रमाणे | पत्र | पुश | सेक्रेटरी | आवक शिक्का व तारीख |

‘जबाबदार’ रकान्यात ‘कमिटी’ असा शब्द येऊ देऊ नका. कमिटीला हात नसतात. आणि सगळ्या ओळींत सेक्रेटरीच आले तर समजा की मेमध्ये ते राजीनामा देणार.

महिन्यात काहीच घडलं नसेल तर पत्रक काढायचं का?

काढायचं, आणि ५ तारखेलाच. ‘आयओडी मिळाली आहे, सीसी अजून नाही. अग्निशमनच्या ना-हरकतीची फाइल तिथेच आहे. पुढची भेट १८ तारखेला.’ एवढं पुरे. आयओडी म्हणजे नकाशांना महापालिकेची अटींसह मंजुरी आणि सीसी म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी. मुंबईत या दोन्हींच्यामध्ये काही महिने असे जातात की बाहेरून बघणाऱ्याला काम बंद पडल्यासारखं वाटतं. त्या काळात दोन पत्रकं चुकली तर तिसऱ्या महिन्यात ‘बिल्डर पळाला’ हे ऐकू येतं. ते खोडायला विशेष सभा घ्यावी लागते आणि तिथे पुन्हा सगळं मुळापासून सांगावं लागतं.

मात्र ठरलेल्या तारखेची पत्रकं वेगळी आणि घटना घडल्यावर कळवायच्या गोष्टी वेगळ्या. सीसी मिळाली, धनादेश वटला नाही, कामावर अपघात झाला, या बातम्या ५ तारखेची वाट बघत नाहीत. त्यांच्या ओळीत ‘किती वेळा’ऐवजी ‘किती तासांत’ लिहा. आम्ही धनादेशाच्या तक्रारीसाठी २४ तास ठेवले होते.

इमारत पाडल्यावर हाच तक्ता चालतो का?

नाही. आणि ही गोष्ट जवळपास प्रत्येक सोसायटीला उशिरा कळते.

तुमच्या आजवरच्या माहितीच्या जागा मोजून बघा. लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड, सोसायटीचं ऑफिस, वॉचमनची वही, गणपतीचा मंडप, जिना. यातली एकही वस्तू इमारत पाडल्यावर उरत नाही. इमारत हेच तुमचं पुलचं सर्वांत मोठं माध्यम होतं आणि कोणी ते तक्त्यात लिहिलंच नव्हतं. ३१ कुटुंबं एका दिवसात मुलुंड, भांडुप, ठाणे, डोंबिवली अशी पांगतात. काही जण मुलाकडे पुण्याला जातात. आजवर चालता चालता आपोआप कळत होतं ते सगळं बंद होतं. साधा फोन असलेल्या सात ज्येष्ठांसाठी तर सोसायटीच नाहीशी होते.

म्हणून घरं रिकामी होण्याच्या निदान महिनाभर आधी दुसरा तक्ता बनवायचा, आणि त्यासाठी माहिती घरं सोडण्याआधीच गोळा करायची. चाव्या घेताना आम्ही एक फॉर्म भरून घेतला. त्यात तात्पुरता पत्ता, दोन फोन नंबर, ईमेल, आणि सोसायटीबाहेरच्या एका नातेवाइकाचा नंबर होता. हलवण्याच्या खर्चाचा धनादेश फॉर्म हातात पडल्यावरच द्यायचा असं ठरवलं, त्यामुळे ४८ च्या ४८ फॉर्म आले. पैशाआधी फॉर्म, हा क्रम उलटा केला असता तर अर्धे आले असते.

दुसऱ्या तक्त्यात नोटीस बोर्डाच्या जागी तीन गोष्टी आल्या. कागदपत्रं फोल्डरमध्ये गेली. मूळ फाइल आणि रजिस्टर एका कमिटी सदस्याच्या तात्पुरत्या घरी गेली आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा तिथे बघायला मिळतील असं कळवलं. सात ज्येष्ठांसाठी फोनची साखळी केली, दोघा तरुण सभासदांनी साडेतीन घरं वाटून घेतली असं गमतीने म्हणायचे, प्रत्यक्षात चार आणि तीन. दर महिन्याच्या ५ तारखेचं पत्रक ते फोनवर वाचून दाखवत. मला विचाराल तर अख्ख्या तक्त्यात सर्वांत चांगली चाललेली ओळ हीच होती, कारण फोनवर उलट प्रश्न यायचे आणि ते वहीत नोंदले जायचे.

व्हॉट्सअॅप वापरूच नये का?

वापरा, पण त्याचं काम ठरवून द्या. निरोपांसाठी वेगळा ग्रुप करा आणि त्यात फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. गप्पांचा जुना ग्रुप तसाच राहू द्या, तो बंद केला तर लोक तिसरा काढतात. निरोपाच्या ग्रुपमध्ये पाठवलेल्या संदेशाच्या माहितीत कोणी वाचलं ते दिसतं. महत्त्वाच्या निरोपानंतर दोन दिवसांनी ते बघून न वाचलेल्यांना फोन करायचा, हे काम मॅनेजरच्या ओळीत लिहा.

ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. पाठवणाऱ्याचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. नवा सेक्रेटरी आला आणि त्याने लिस्ट केली की निम्म्यांना काहीच मिळत नाही, आणि न मिळाल्याचं कोणालाच कळत नाही.

फोल्डरची लिंक पाठवण्याआधी ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून बघा. परवानगी दिली नसेल तर प्रत्येकाला ‘अॅक्सेस मागा’ असं पान दिसतं, आणि तिथून कोणी परत येत नाही. उलट, लिंक असलेल्या कोणालाही उघडेल अशा फोल्डरमध्ये सभासदांचे पॅन, आधार आणि बँक तपशील असलेले करारनामे ठेवू नका. ते ज्याचे त्याला द्यायचे.

सभेची नोटीस ग्रुपवर टाकली तर चालते का?

आठवण म्हणून चालते, नोटीस म्हणून त्यावर थांबू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ ला पुनर्विकासाचे सुधारित निर्देश काढले. त्यांत विशेष सभेची सूचना, गणपूर्ती, सभेचं चित्रीकरण अशा गोष्टी सांगितल्या आहेत. सूचना प्रत्येक सभासदाला १४ दिवस आधी पोचायला हवी आणि ती पोचल्याचा पुरावा सोसायटीकडे हवा. पुढे कोणी उपनिबंधकांकडे गेलं तर पहिला प्रश्न तोच येतो. त्यामुळे या ओळीत माध्यम निवडायचं स्वातंत्र्य तुम्हाला नाही. कागद, सही, आणि परगावच्यांना डाक.

उलट बाजूला, प्रकल्पाच्या विक्रीच्या भागाची महारेराकडे नोंदणी असेल तर बिल्डरला दर तिमाहीला प्रगती संकेतस्थळावर भरावी लागते. हा आयता पुल आहे. आम्ही पत्रकात प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक छापत होतो आणि बिल्डरने आम्हाला तोंडी सांगितलेली प्रगती तिथल्या आकड्यांशी ताडून बघत होतो. एकदा जुळली नाही. तेव्हा आमच्या आवक शिक्क्याच्या ओळीचा उपयोग झाला.

विरोध करणाऱ्या सभासदांना तक्त्यात कुठे ठेवायचं?

इतरांच्याच ओळीत. त्यांना कमी कळवलं की त्यांच्या हातात सर्वांत मजबूत मुद्दा जातो. आम्ही त्यांच्यासाठी फक्त एक गोष्ट जास्त केली. त्यांच्या लेखी प्रश्नांना लेखी उत्तर सात दिवसांत, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही सर्वांच्या फाइलमध्ये. आमच्याकडे असे दोघं होते, त्यांतल्या एकाचे प्रश्न चांगले निघाले. पार्किंगच्या वाटपाचा नियम करारनाम्यात नव्हता, हे त्यांनीच दाखवून दिलं.

तक्ता चालतोय की नुसता भिंतीवर आहे, हे कसं ओळखायचं?

प्रश्नांची वही ठेवा. सभासदाने फोनवर, जिन्यात, कुठेही विचारलेला प्रश्न एका ओळीत लिहायचा, तारीख टाकायची. महिनाअखेरीला वाचायची. एकच प्रश्न तीन वेगळ्या घरांतून आला असेल तर तक्त्यात ती ओळ नाही, किंवा आहे पण पुलमध्ये पडली आहे आणि तिथे कोणी जात नाही. आमच्याकडे ‘भाडं वाढणार कधी’ हा प्रश्न एका महिन्यात नऊदा आला. उत्तर करारनाम्याच्या चौदाव्या पानावर होतं. पुलमधली ती ओळ आम्ही पुशमध्ये हलवली, धनादेशासोबतच्या चिठ्ठीवर वाढीची तारीख छापली. पुढच्या महिन्यात तो प्रश्न एकदाच आला.

अजिबात प्रश्न येत नसतील तर खूश होऊ नका. दोन शक्यता असतात, सगळं समजलं किंवा ग्रुप म्यूट केला. पाच घरांना फोन करून साधं विचारा, पुढचा धनादेश कधी आहे? तिघांना सांगता आलं नाही तर उत्तर मिळालं.

तक्ता कधी बदलायचा?

टप्पा बदलला की. आमचे चार झाले: घरं रिकामी होईपर्यंत, पाडकाम आणि पाया, इमारत वर जात असताना, आणि ताब्याच्या आधीचे तीन महिने. तिसऱ्या टप्प्यात सर्वांत कमी ओळी होत्या, महिन्याचं पत्रक आणि नवा स्लॅब टाकल्याचा फोटो. लोकांना फोटो पत्रकापेक्षा जास्त आवडायचा. चौथ्यात पुन्हा आठवड्याला निरोप सुरू झाले, कारण ओसी म्हणजे इमारतीचा वापर परवाना, वीज मीटर, गॅसची जोडणी, घराची पाहणी आणि त्रुटींची यादी या प्रत्येकाला वेगळी तारीख होती.

कमिटी बदलली तर तक्ता त्याच आठवड्यात बदला, ‘जबाबदार’ रकान्यातली नावं आधी. आणि नव्या इमारतीच्या नकाशात नोटीस बोर्ड कुठे आहे ते बघून घ्या. मुलुंडच्या नकाशात तो नव्हताच. लिफ्टसमोरच्या भिंतीवर चार बाय तीन फुटांची जागा आम्ही पत्र देऊन मागून घेतली.